बाकी बटणं चालतात, माइकच तेवढा का चालत नाही?

प्रश्न: लातूरला घरी गूगल टीव्ही आहे. रिमोटचं आवाज, चॅनल सगळं चालतं, पण माइकचं बटण दाबलं की काहीच होत नाही. मोबाइलच्या ॲपमध्येही टीव्ही दिसत नाही. आईला मराठीत बोलून आरत्या लावायच्या आहेत. काय करावं?

माइक सोडून बाकी सगळं चालतंय, त्यावरूनच दोष कुठे आहे ते कळतं. या रिमोटमध्ये दोन वेगळ्या वाटा असतात. आवाज कमी-जास्त करणं, टीव्ही चालू-बंद करणं ही साधी कामं इन्फ्रारेडवरही होतात, त्यासाठी जोडणी लागत नाही. तुमचं बोलणं मात्र ब्लूटूथवरून जातं आणि ती जोडणी तुटली की माइक मुका होतो. खात्री करायची असेल तर रिमोटचं पुढचं टोक तळहाताने पूर्ण झाकून आवाजाचं बटण दाबा. टीव्हीने ऐकलं नाही, तर रिमोट सध्या बहुधा फक्त इन्फ्रारेडवर चालू आहे.

आधी दोन्ही सेल एकदम बदला. उतरलेल्या सेलवर इन्फ्रारेड बरेच दिवस चालतं, ब्लूटूथ आधी दम सोडतं. जुना एक, नवा एक असं करू नका. मग टीव्हीवर Settings मध्ये Remotes & Accessories उघडा, Pair accessory निवडा आणि रिमोट टीव्हीपासून हातभर अंतरावर धरा. आता रिमोटवरची दोन बटणं एकत्र दाबून धरायची. बऱ्याच रिमोटवर ती होम आणि बॅक असतात, काहींवर होम आणि ओके. कोणती ते त्याच पडद्यावर किंवा टीव्हीसोबतच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. दिवा लुकलुकायला लागेपर्यंत बोट उचलू नका. लोक दोन सेकंदांत सोडतात आणि जोडणी होत नाही म्हणतात. यादीत रिमोटचं नाव आलं की ते निवडा.

जोडूनही माइक ऐकत नसेल तर दोन गोष्टी बघा. टीव्ही लावताना गूगल खातं न टाकता ‘बेसिक टीव्ही’ निवडला असेल, तर बोलणं ऐकून काम करणारा गूगल असिस्टंट मिळतच नाही. खातं टाकून सेटअप पूर्ण करावा लागतो. दुसरं, टीव्हीची तारीख. आपल्याकडे लाईट वारंवार जाते, आणि आल्यावर टीव्ही राउटरच्या आधी उठतो. त्या वेळात तारीख मागची राहिली तर वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण खातं आणि असिस्टंट चालत नाही. System मधल्या Date & time मध्ये वेळ नेटवर्कवरून घ्यायची सोय चालू ठेवा आणि राउटर पूर्ण सुरू झाल्यावर टीव्ही एकदा बंद-चालू करा.

आता मोबाइल. ॲपमध्ये टीव्ही न दिसण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टीव्ही घरच्या वाय-फायवर आणि फोन मोबाइल डेटावर. दोन्ही एकाच राउटरवर हवेत. पाहुण्यांसाठीचं वेगळं गेस्ट नेटवर्क असेल तर त्यावर उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत, तेव्हा फोन मुख्य नेटवर्कवर आणा. आयफोन असेल तर ॲपला लोकल नेटवर्कची परवानगीही द्यावी लागते. मग Google TV ॲपमध्ये रिमोटचं बटण दाबून टीव्हीचं नाव निवडा. पडद्यावर सहा अक्षरांचा कोड येतो, तो फोनमध्ये भरा. त्यात आकड्यांसोबत A ते F ही अक्षरंही येऊ शकतात, म्हणून 8 आणि B नीट बघून टाका.

आईचं काम या ॲपनेच होईल. रिमोटच्या माइकवर मराठी नावं ऐकण्यात गडबड होते, तो हिंदी-इंग्रजीला बरा. फोनचा कीबोर्ड मात्र मराठी छान ऐकतो. जीबोर्डच्या सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी जोडा. टीव्हीवर यूट्यूबच्या शोधाच्या चौकटीत कर्सर आणा, ॲपच्या रिमोटवर कीबोर्डचं चिन्ह दाबा, कीबोर्ड मराठीवर घ्या आणि त्यावरच्या माइकला स्पर्श करून आईंना म्हणू द्या, ‘तुळजाभवानीची आरती’. अक्षरं देवनागरीत उमटतात. चुकून ‘भवानीची’चं दुसरंच काही झालं तर तेवढा शब्द फोनवरच खोडून पुन्हा बोलता येतो, टीव्हीच्या पडद्यावर एकेक अक्षर शोधत बसावं लागत नाही.

एक मर्यादा सांगून ठेवतो. ॲपवरून टीव्ही बंद होतो, पण चालू होण्यासाठी त्याचं वाय-फाय झोपेतही जागं असावं लागतं आणि ते सगळ्या टीव्हींवर नसतं. बोर्डवरचं बटणच बंद केलं असेल, तर ॲपने टीव्ही कधीच उठणार नाही. आईंना सांगताना रात्री रिमोटनेच बंद करायला सांगा, आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की प्लग काढायला. त्यानंतर टीव्ही पुन्हा लावताना राउटरला दोन-तीन मिनिटं द्या, मगच ॲप उघडा.