लहानपणी न उतरलेलं वृषण आणि लग्नाआधीची काळजी

प्रश्न: डावं वृषण खाली उतरलं नव्हतं, सातव्या वर्षी ऑपरेशन झालं. आता २९ वर्षांचा आहे, नाशिकला सिडकोत राहतो. मूल होईल ना? हार्मोन कमी असतील का?

एकाच बाजूचं असेल तर बहुतेकांना मूल होतं. उजवं निभावून नेतं. पोटातल्या उष्णतेने आधी शुक्राणूंच्या पेशी बिघडतात, टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशी जास्त तग धरतात. म्हणून दाढी-मिशा, इच्छा सगळं ठीक असूनही काउंट कमी निघू शकतो.

तेव्हा आधी वीर्यतपासणी. २ ते ७ दिवस संयम पाळा आणि नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचवा. कॉलेज रोडला न्यायचा असेल तर डबी शर्टाच्या आत, अंगाला लागून ठेवा. डिसेंबरच्या गारठ्यात डिकीतून नेली तर शुक्राणूंची हालचाल उगाचच कमी दिसते. शुक्राणू मिलिलिटरला १.६ कोटींपेक्षा कमी आले तर तीन महिन्यांनी पुन्हा करा, कारण शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात आणि मधला एखादा तापही आकडा पाडतो. परत कमीच आले तर यूरोलॉजिस्टकडे जा. सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी एफएसएच, म्हणजे वृषणाला शुक्राणू बनवायला लावणारं हार्मोन, आणि टेस्टोस्टेरॉन यांची रक्ततपासणी होईल. एफएसएच चढलेलं असेल तर अडचण वृषणातच आहे.

आणि हे कुणी सांगत नाही: महिन्यातून एकदा अंघोळीत दोन्ही बाजू चाचपा. कडक, न दुखणारी गाठ लागली तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी करा. अशा वृषणात कॅन्सरचा धोका थोडा जास्त असतो, ऑपरेशननंतरही.