बँकेच्या कर्जासाठी बोर्ड रिझोल्यूशन: बँकेचा छापील नमुना चालेल का?

प्रश्न: आमच्या प्रायव्हेट लिमिटेड कंपनीला कॅश क्रेडिट मंजूर होतंय. बँकेने रिझोल्यूशनचा छापील नमुना दिलाय. तोच लेटरहेडवर उतरवून दिला तर चालेल ना?

चालेल. बँक घेईलही. पण देऊ नका.

आमची पण घरचीच कंपनी. मी, माझा चुलत भाऊ आणि काका असे तिघे संचालक. २०१६ साली ८० लाखांची सीसी घेतली तेव्हा आम्हीही नमुना उतरवून दिला. त्यातल्या एका ओळीचा आशय असा होता: 'कंपनीने बँकेकडून वेळोवेळी लागेल तसे कर्ज घ्यावे आणि कोणत्याही एका संचालकाने त्यासाठीच्या कागदपत्रांवर सही करावी.' आकडा नाही, सुविधेचं नाव नाही, सही करणाऱ्याचंही नाव नाही. मी म्हटलं, निदान आकडा तरी घालू. दादा म्हणाला, "घरातल्या घरात कसली मर्यादा? विश्वास नाही का तुझा?" काका गप्प बसले. मीही सही केली.

पुढच्या वर्षी दादाने सीएनसी मशीनसाठी त्याच बँकेतून ६० लाखांचं टर्म लोन उचललं. जुन्याच रिझोल्यूशनची प्रत जोडली, सही त्याची एकट्याची. मला कळलं ते स्टेटमेंट जुळवताना. एक हप्ता गेलेला दिसला, त्याचं व्हाउचर कुठेच नव्हतं. बँकेत गेलो तर अधिकाऱ्याने फाइल उघडून आमचंच रिझोल्यूशन माझ्यासमोर ठेवलं आणि 'वेळोवेळी लागेल तसे' या शब्दांवर बोट ठेवलं. खाली माझी सही होती. त्याला काय बोलणार?

१९५६च्या कंपनी कायद्यात कलम २९२ होतं. कर्ज काढण्याचा अधिकार बोर्डाने दुसऱ्याकडे सोपवला, तर कोणत्याही एका वेळी किती रक्कम बाकी राहू शकते हे ठरावातच लिहावं लागे. २०१३च्या कायद्यातल्या कलम १७९मध्ये तशी सक्ती नाही, अटी घालणं बोर्डावर सोडलंय. म्हणजे अट तुम्ही लिहिली तरच ती आहे.

आम्ही नंतर जो ठराव केला त्याचा गाभा असा (बँकेला इंग्रजीत दिला, आशय हाच):

'कंपनीने अमुक बँकेच्या अमुक शाखेकडून खेळत्या भांडवलासाठी कॅश क्रेडिट घ्यावे. कोणत्याही एका वेळी मुद्दलाची एकूण देणे बाकी, व्याज व शुल्क वगळून, रु. ८० लाखांपेक्षा अधिक नसावी. मंजुरीपत्र दि. अमुक. श्री. अमुक (संचालक, डीआयएन अमुक) व श्री. अमुक (संचालक, डीआयएन अमुक) यांनी कागदपत्रांवर एकत्रितपणे सह्या कराव्यात. मर्यादा वाढवणे, नवी सुविधा घेणे किंवा वेगळे तारण देणे यासाठी बोर्डाचा नवा ठराव आवश्यक राहील. या खात्याविषयीचे यापूर्वीचे सर्व ठराव रद्द समजावेत.'

'कोणत्याही एका वेळी देणे बाकी' हे शब्द गाळू नका. नुसतं '८० लाखांपर्यंत कर्ज' लिहिलं की वाद होतो: सीसीत पैसे भरले आणि पुन्हा काढले, तर सगळी उचल मिळून ८० लाख धरायची का? नाही, त्या दिवशीची बाकी मोजायची. 'एकत्रितपणे'च्या जागी 'एकत्रितपणे किंवा स्वतंत्रपणे' आलं तर दोन नावं लिहूनही एकाचीच सही पुरते. आणि शेवटची रद्द करण्याची ओळ नसेल तर जुना ठराव बँकेच्या फाइलीत जिवंतच राहतो.

रोजच्या उचलीला ठराव लागत नाही. कायद्यात कर्ज काढणं म्हणजे बँकेशी केलेली व्यवस्था, खात्यातले रोजचे व्यवहार नव्हेत. पण हा ठराव बोर्ड मीटिंगमध्येच व्हायला हवा. कागद फिरवून सह्या घेतल्या तर तो चालत नाही.

भरलेलं भांडवल, मुक्त गंगाजळी आणि सिक्युरिटीज प्रीमियम यांच्या बेरजेपेक्षा जास्त कर्ज असेल तर कलम १८०चा विशेष ठराव लागतो, असं कोणी सांगेल. प्रायव्हेट कंपनीला त्यातून सूट आहे, पण ताळेबंद आणि वार्षिक विवरण आरओसीकडे भरण्यात कसूर नसेल तरच. तुमचं आर्टिकल्सही एकदा वाचा, त्यात वेगळी मर्यादा असू शकते. तारण असेल तर त्याच्या नोंदणीचा फॉर्म सीएचजी-१ तीस दिवसांत भरायचा, तो सीएसला सांगा.

दादा आजही म्हणतो, मशीन लागणारच होतं आणि हप्तेही वेळेवर फिटले. दोन्ही खरं आहे. पण ६० लाखांची जबाबदारी तिघांवर पडली आणि ठरवलं एकट्याने, याचं उत्तर त्याने अजून दिलेलं नाही.