कढीपत्त्यापाशी पंधरा मिनिटं

"मॅडम, मुलगा सात वर्षांचा आहे. रोज संध्याकाळी सोसायटीच्या मागे फिरायला नेते, झाडं, पक्षी, किडे सगळं दाखवते, पण पाच मिनिटांत त्याचं 'घरी चल' सुरू होतं. आम्हालाच निम्मी नावं येत नाहीत. नक्की काय करून घ्यायचं त्याच्याकडून?"

हे मी इतक्या आईबाबांकडून ऐकलंय की आता थेट अर्णवचीच (नाव बदललंय) गोष्ट सांगते. पहिल्या भेटीत मी त्याला एकट्याला विचारलं, फिरायला गेल्यावर आई काय करते? तो म्हणाला, "स्पेलिंग विचारते तसं विचारते. हा कुठला पक्षी, ते कुठलं झाड." आणि नाही आलं तर? "मग ती सांगते आणि आम्ही पुढे जातो."

'पुढे जातो' इथेच सगळं अडलं होतं. माझं या कामातलं पक्कं मत आहे की या वयात मूल आधी ओळख करून घेतं आणि नाव नंतर मागतं, आणि ओळख व्हायला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बघायला मिळायला हवी. म्हणून आईंना सांगितलं, महिनाभर नावं विचारणं बंद, फिरणं पंधरा मिनिटांचं, थांबायचं दोनच ठिकाणी, आणि प्रश्न एकच, 'कालपेक्षा काय वेगळं दिसतंय?'

पहिलं ठिकाण कढीपत्ता. पावसाळ्यात आणि त्यानंतर ऑक्टोबरपर्यंत कुंडीतल्या कढीपत्त्यावर किंवा लिंबावर कॉमन मॉर्मन नाहीतर लाइम फुलपाखरू अंडी घालतं, कोवळ्या पानावर एकेकटं, खसखशीएवढं, फिकट पिवळं. त्यातून निघालेली अळी पांढऱ्या-तपकिरी रंगाची, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी. त्यामुळे भक्ष्य शोधणारे पक्षी तिच्याकडे दुर्लक्ष करतात, आणि मोठी माणसंही. अर्णवच्या आईने तेच केलं. पुढच्या भेटीत त्या सांगायला लागल्या, "मी म्हटलं हात लावू नकोस, पक्ष्याची घाण आहे, तर हा म्हणतो, अगं पण घाण चालत नाही, काल ती पानाच्या टोकाला होती!"

तो क्षण मला अजून आठवतो, कारण त्या घरात पहिल्यांदा मुलाने आईला काहीतरी दाखवलं होतं. मी आईंना एवढंच विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात? "मी खाली बसले आणि बघितलं." बस्स, मला हेच हवं होतं.

त्यानंतर त्याने वहीत रोज अळीचं चित्र काढलं, लांबी बोटाच्या पेराने मोजली. साधारण दोन आठवड्यांत अळी मोठी आणि हिरवीगार होते. काडीने हलकेच टोचलं तर डोक्यामागून दोन शिंगांसारखा लालसर अवयव बाहेर काढते आणि उग्र वास येतो, हे मात्र एकदाच करायचं, रोज छळायचं नाही. आणि केसाळ सुरवंट दिसला तर फक्त डोळ्यांनी बघायचं, त्याने अंगाला खाज येते.

दुसरं ठिकाण भिंतीवरची मुंग्यांची रांग. ओल्या बोटाने रांगेत आडवी रेघ पुसली की मुंग्या तिथे येऊन गोंधळतात, मागे फिरतात, कारण वाटेवरचा वास पुसला जातो. अर्णव 'वाट परत किती वेळात लागते' ते मोजायचा, पाच मिनिटांत कंटाळणारा हाच मुलगा. पक्ष्यांसाठी संध्याकाळी मागे धावू नका, त्यापेक्षा साळुंक्या झोपायला जमतात त्या झाडाखाली बसा, कलकलाट कधी थांबतो ते ऐका. जवळ रेन ट्री असेल तर त्याची पानं आधी उजेडात बघा आणि अंधार पडल्यावर परत बघा, तेव्हा मिटलेली असतात.

आता एक अडचण, जी येतेच. एक दिवस अळी गायब झाली आणि अर्णव रडला. आईंचा फोन, "काय सांगू, उडून गेली म्हणू?" मी म्हटलं, खोटं नको, आधी शोधा, पूर्ण वाढलेली अळी कोष करायला बरेचदा झाड सोडून जाते, कुंडीची कड, भिंत, खिडकीची चौकट बघा. कोष खिडकीखाली सापडला, कमरेला रेशमाच्या धाग्याने बांधलेला. पण त्यातून फुलपाखरू आलं नाही. कोष काळपट पडला आणि बाजूला बारीक भोक दिसलं, म्हणजे एका छोट्या गांधीलमाशीच्या पिल्लांनी आतून खाल्लं होतं. आईंनी तसंच सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग गांधीलमाशीची पिल्लं पण कुणीतरी खात असेल." वहीत त्याने भोक असलेला कोषही काढलाय.

फुलपाखरू पुढच्या अळीचं आलं, आणि तेव्हा त्यानेच आईला नाव विचारलं.

एक गोष्ट आधीच करून ठेवा. सोसायटीच्या माळीकाकांना सांगा, त्या एका कढीपत्त्यावर औषध मारू नका आणि पानं खाल्लेली दिसली तरी फांदी छाटू नका. नवीन पालवी फुटली की परत अंडी दिसतील.