सही करण्यापूर्वी वाचलेले प्रायोजकत्व पत्र

“परदेशातल्या कंपनीने वर्क व्हिसासाठी प्रायोजकत्वाचे पत्र पाठवले आहे, पण ते इंग्रजीत आहे आणि मला फक्त मराठी वाचता येते. एजंट म्हणतो, पत्र आले म्हणजे व्हिसा झालाच, सोबतच्या करारावर सही करून टाका. करू का?”

हे विचारणारे गृहस्थ वेल्डर होते. पत्र आणि नोकरीचा करार दोन्ही सोबत आणा, असे मी त्यांना सांगितले, कारण एकटे पत्र समजावणे म्हणजे निम्मेच काम.

ते पत्र कंपनीने तिथल्या व्हिसा अधिकाऱ्यांना उद्देशून लिहिलेले होते: अमुक माणूस, अमुक पदावर, अमुक ठिकाणी, आठवड्याला इतके तास आणि इतक्या पगारावर आम्हाला हवा आहे. व्हिसा द्यायचा की नाही हे अधिकारीच ठरवतात, म्हणून एजंटचे म्हणणे खोटे होते. शिवाय असा व्हिसा बहुधा त्याच मालकाशी आणि त्याच पदाशी बांधलेला असतो.

मी पत्राचा गोषवारा सांगत नाही, कारण गोषवाऱ्यात नेमक्या अटी गळतात. एकेक ओळ मराठीत सांगायची आणि समोरच्याने ती स्वतःच्या शब्दांत परत सांगायची, अशी माझी रीत आहे. त्यातूनच कळले की, कंपनी राहायला घर देणार असे ते समजून बसले होते. पत्रात मात्र घर शोधायला मदत करू, एवढेच होते.

मग आम्ही दोन्ही कागदांवरचे आकडे शेजारीशेजारी मांडले. वार्षिक पगार दोन्हीकडे 36,000 होता. पण पत्रात आठवड्याचे तास 40 आणि करारात 48. वर्षाच्या 52 आठवड्यांनी हिशेब केला, तर पत्राप्रमाणे तासाला सुमारे 17.30 पडत होते आणि कराराप्रमाणे 14.40. ज्या देशांत पगाराची अट कामाच्या तासांशी जोडलेली असते, तिथे अशा तफावतीमुळे अर्जही अडू शकतो. करार जुन्या नमुन्यावरून उतरवला गेला असेल किंवा जास्तीचे तास फुकट करून घ्यायचे असतील. नुसत्या कागदावरून हे ओळखता येत नाही.

म्हणून एजंटला मध्ये न घेता थेट कंपनीला लेखी विचारायचे ठरले. पत्ता पत्रावरून न घेता आम्ही स्वतंत्रपणे शोधला, कारण बनावट पत्रावर पत्ताही बनावट असू शकतो. (ब्रिटनसारखे देश परवानाधारक प्रायोजकांची यादी जाहीर करतात, तिथे ही पडताळणी सोपी जाते.) माझी मराठी टिपणे वेगळ्या कागदावर होती, मूळ पत्रावर काहीही लिहायचे नाही, आणि अधिकाऱ्यांनी प्रमाणित भाषांतर मागितले तर ही टिपणे चालणार नाहीत, हेही मी त्यांना सांगितले.

कंपनीने 40 तासांचा दुरुस्त करार पाठवला, पण घराविषयी एक अक्षरही नव्हते. तेव्हा घर मिळाल्यास त्याचे भाडे पगारातून कापणार का आणि किती, हे पुन्हा लेखी विचारले आणि त्याचे उत्तर आल्यावरच त्यांनी सही केली.