नातं नव्हतं, पण माणूस आधीच ठरला होता

प्रश्न: ऑफिसात कुणाची वर्णी लागली की सगळे ‘नेपोटिझम’ म्हणतात. भरती करताना नेपोटिझम आणि फेव्हरिटिझम यात खरंच काही फरक असतो का?

असतो, आणि त्या फरकावरून माझं एका सहकाऱ्याशी वाजलं, ते अजून मिटलेलं नाही.

नेपोटिझमला नातं लागतं. पोप मंडळी आपल्या पुतण्या-भाच्यांना कार्डिनल करत, तिथून हा शब्द आला. फेव्हरिटिझमला नुसती मर्जी पुरते. नातं कागदावर पकडता येतं. ‘उमेदवार तुमचा नातेवाईक आहे का?’ असं फॉर्मवर विचारायचं आणि असेल तर त्या माणसाला निवड समितीतून बाहेर ठेवायचं. मर्जीसाठी असा रकानाच नसतो.

आमच्या समितीत तिघं होतो. लेखी चाचणीला ४०, अनुभवाला ३० आणि मुलाखतीला ३० गुण, हे जाहिरातीआधीच ठरलेलं. एकीला ३४, २४ आणि १८ मिळाले, म्हणजे ७६. दुसरा आमच्या साहेबांच्या हाताखाली पूर्वी काम केलेला. त्याचे २४, १८ आणि २७, म्हणजे ६९. बेरीज समोर आल्यावर साहेब म्हणाले, “या कामाला माणूस टीममध्ये मिसळणारा हवा. चाचणीला २० ठेवू, मुलाखतीला ५०.” त्याच गुणांचं नवं गणित मांडलं तर ती ७१ वर आली आणि तो ७५ वर गेला. एकाही उत्तरपत्रिकेला हात न लावता निकाल फिरला.

मी हरकत घेतली. तिसरा सदस्य, माझा तो सहकारी, म्हणाला, “नातं कुठंय? मग नेपोटिझम कसलं?” नेपोटिझम नव्हतंच. म्हणून ते चोख होतं का? निवड त्याचीच झाली.

माझ्या मते भरतीत फेव्हरिटिझम जास्त घातक, कारण प्रत्येक कागद नियमात बसतो. ओळखायचं असेल तर निकष कधी बदलले ते बघा. उमेदवार बघून झाल्यावर बदलले असतील, तर कारण कितीही गोड असो, मी ते मानणार नाही. शिवाय चर्चेआधी प्रत्येकाने आपापले गुण सही करून द्यावेत. आम्ही मुलाखतीचे गुण एकत्र बसून, साहेबांचं मत ऐकून दिले होते, ती चूक माझीही.

हां, साहेबाचा भाचा अर्ज करतो म्हणून तो नालायक ठरत नाही. मामा समितीबाहेर असेल आणि गुण आधी ठरलेल्या मापानेच दिले असतील, तर त्याला घ्यावं. जुन्या साहेबाचं मतही ऐकावं, पण मग इतर उमेदवारांच्या जुन्या साहेबांनाही फोन करावा. आमच्याकडे तिच्या साहेबांना कुणी फोन केला नाही. हे मी त्या सहकाऱ्याला तेव्हाच विचारायला हवं होतं.