रक्ताचा अहवाल चुकतो कुठे : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : केस गळतात म्हणून बायोटिनची १० मिलिग्रॅमची गोळी रोज घेते. थायरॉइडच्या तपासणीत टीएसएच ०.०८ आणि फ्री टी४ २.९ आला. धडधड नाही, वजनही घटलेले नाही. उपचार सुरू करू का? (गुहागर)

इतक्यात नको. बायोटिनची रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम असते. आपल्या गोळीत तिच्या तीनशेपटीहून अधिक मात्रा आहे. अनेक यंत्रांवरील चाचण्यांत बायोटिन जोडलेली प्रतिपिंडे बायोटिनला घट्ट पकडणाऱ्या स्ट्रेप्टाव्हिडिनच्या कणांना चिकटवून धरली जातात. रक्तातच बायोटिन भरपूर असले की ते त्या जागा अडवते आणि जे मोजायचे ते धुऊन निघून जाते, त्यामुळे यंत्राला संकेत क्षीण मिळतो. टीएसएचच्या चाचणीत क्षीण संकेत म्हणजे कमी आकडा, तर फ्री टी४च्या चाचणीची रचना उलटी असल्याने तिथे तोच संकेत जास्त आकडा दाखवतो. म्हणून थायरॉइड अतिसक्रिय असल्याचे हुबेहूब चित्र कागदावर उमटते. गोळी स्वतःहूनच घेत असाल तर ती बंद करून किमान दोन पूर्ण दिवसांनी फेरतपासणी करावी; मल्टिव्हिटॅमिनच्या वेष्टनावरही बायोटिन आहे का ते पाहावे. दुसरा आकडाही तसाच आला, तर मात्र दुखणे खरे समजून पुढील तपास करावा लागेल. छातीत दुखून रुग्णालयात जावे लागले तर ही गोळी आवर्जून सांगावी, कारण हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठीच्या काही ट्रोपोनिन चाचण्यांत ती आकडा खोटा खाली आणते.

प्रश्न : सासऱ्यांचे पोटॅशियम ६.१ आले, खाली ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’ असा शेरा आहे. नमुना दापोलीहून चिपळूणला गेला होता. आकडा सोडून द्यावा का?

सोडूनही देऊ नये आणि केवळ त्यावर औषधही सुरू करू नये. त्याच दिवशी नव्याने रक्त द्यावे. लाल पेशींच्या आत पोटॅशियम बाहेरच्या कितीतरी पट असते. बारीक सुई, सिरिंज जोरात ओढणे किंवा वाटेतले धक्के यांनी पेशी फुटल्या, म्हणजेच हिमोलिसिस झाले, की ते सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवात, उतरते. सीरम लालसर दिसते आणि पेशींतली एलडीएच, एसजीओटी ही विकरेही वाढतात. याहून फसवा प्रकार न फुटलेल्या पेशींचा : पेशी वेगळ्या न करता नमुना तासन्‌तास बर्फात ठेवला तर पोटॅशियम झिरपत राहते, पण सीरम पिवळेच दिसते आणि शेराही पडत नाही. म्हणून सीरम दापोलीतच वेगळे करून मग पाठवायला सांगावे. ‘हिमोलिसिसमुळे एवढे वजा करा’ असे गणित मी मानत नाही. सासऱ्यांना मूत्रपिंडाचा विकार असेल, टेल्मिसार्टनसारखी रक्तदाबाची गोळी चालू असेल किंवा अंगात शक्ती नसेल, तर फेरनमुन्याच्या निकालाची वाट न पाहता ईसीजी काढावा.

प्रश्न : एकादशी होती, सकाळी साबुदाण्याची खिचडी तेवढी खाल्ली. उपाशीपोटीची साखर १३४ आली. मधुमेह झाला का? (मालवण)

साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट असतो, त्यामुळे १३४ला उपाशीपोटीची १२६ची मर्यादा लावता येत नाही. आठ ते बारा तास पाण्याखेरीज काही न घेता, चहाही टाळून, पुन्हा तपासावे. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारे एचबीए१सी त्याच नमुन्याबरोबर करून घ्यावे. त्याला उपाशी राहण्याची गरज नसते.