५०-५० स्प्लिट आणि ६० अंशाला होणारं हंटिंग

> दादा, मिरज एमआयडीसीत आमचा जॅकेटवाला रिअ‍ॅक्टर आहे, जॅकेटमधून गरम पाणी फिरतं. एकाच कंट्रोलरवर स्टीम आणि कूलिंग वॉटरचे दोन्ही व्हॉल्व्ह आहेत, स्प्लिट ५० ला, मध्ये ४८ ते ५२ डेड बँड. ६० अंशाला होल्ड करताना एकदा स्टीम उघडतं, एकदा पाणी, आणि जॅकेट दोन-दोन अंश वरखाली होतं. डेड बँड अजून वाढवू का?

वाढवू नको. तुझं हंटिंग बहुतेक डेड बँड आधीच जास्त असल्यामुळंच होतंय, आणि स्क्रीनवर जो ४ टक्के दिसतोय तो खरा नाहीये, खरा त्याच्या दुप्पट असणार.

कसं ते बघ. पोझिशनरमध्ये टाइट शटऑफ म्हणून एक सेटिंग असतं, म्हणजे सिग्नल ठरावीक टक्क्याखाली गेला की तो व्हॉल्व्ह पूर्ण दाबून बंद करतो, आणि बऱ्याच ठिकाणी कमिशनिंगवाला ते ५ टक्क्यांवर ठेवून निघून जातो. तुझ्या मांडणीत कंट्रोलरचं आउटपुट १ टक्का हललं की व्हॉल्व्हचा सिग्नल साधारण २ टक्के हलतो, म्हणजे ५ टक्के शटऑफ म्हणजे आउटपुटचे जवळपास अडीच टक्के, आणि ते दोन्ही बाजूला. ४ अधिक जवळपास ५, म्हणजे ९ टक्क्यांच्या पट्ट्यात कुठलाच व्हॉल्व्ह काही करत नाही. आता समज कंट्रोलरचा गेन १ आहे, इंटिग्रल ५ मिनिटं, रेंज ० ते १०० अंश, आणि २ अंशाची चूक तशीच राहिली, तर इंटिग्रल मिनिटाला ०.४ टक्के सरकणार आणि ९ टक्के पार करायला २२ मिनिटं घेणार. तेवढा वेळ जॅकेटला कुणी वाली नाही. पलीकडं पोचेपर्यंत चूक वाढलेली असते, मग व्हॉल्व्ह जास्त उघडतो आणि परत उलटा प्रवास सुरू.

पण त्याच्या आधी एक टेस्ट कर. सेटपॉइंटला स्थिर झाल्यावर जॅकेटचा कंट्रोलर मॅन्युअलला टाक, आउटपुट बरोबर ५० ठेव, पंप चालू राहू दे आणि १० मिनिटं जॅकेटचं तापमान बघ. नुसतं हळूहळू उतरत असेल तर ठीक. चढत असेल आणि आत रिअ‍ॅक्शनची उष्णता नसेल, तर स्टीम व्हॉल्व्ह पासिंग आहे. मग स्टीमचा हाताचा व्हॉल्व्ह बंद कर आणि चढण थांबते का बघ. कुपवाडला आमच्याकडं असंच झालं होतं, आम्ही दोन दिवस ट्यूनिंग करत बसलो, आणि शेवटी ऑपरेटर म्हणाला की साहेब, स्टीम शून्य दाखवतंय पण ट्रॅप तर टकटक करतोय. जाऊन बघितलं तर खरंच, स्टेम पूर्ण खाली आणि कंडेन्सेट लाइन हात लावू देत नव्हती. सीट कापली होती. त्या दिवसात कूलिंग नेहमी थोडं उघडं राहायचं, म्हणजे आम्ही एकीकडून स्टीम सोडत होतो आणि दुसरीकडून पाण्यानं मारत होतो. पासिंग असेल तर सॉफ्टवेअरमध्ये काही करून उपयोग नाही, आधी व्हॉल्व्ह दुरुस्त कर.

आता मुद्द्याचं, ५० हा आकडा. तो आला जुन्या न्यूमॅटिक काळातून, ३ ते ९ पीएसआय एक व्हॉल्व्ह आणि ९ ते १५ दुसरा, मधोमध कापायला सोपं म्हणून. प्रोसेसला त्या मधोमधशी काही देणंघेणं नसतं. ३ किलो प्रेशरची स्टीम साधारण १४३ अंशाची, तुझं जॅकेट ६० ला, म्हणजे तापवायला ८३ अंशाचा फरक हाताशी आहे. टॉवरचं पाणी ३० चं धरलं तर थंड करायला फक्त ३० चा. म्हणजे स्टीमचा एक टक्का पाण्याच्या एक टक्क्यापेक्षा जवळजवळ तिप्पट काम करतो, एक्स्चेंजर आणि व्हॉल्व्हच्या साइजप्रमाणं कमीजास्त. आणि कंट्रोलर दोघांना एकच गेन लावतो, त्यामुळं हीटिंगला जमवलं की कूलिंग सुस्त आणि कूलिंगला जमवलं की हीटिंग उड्या मारतं. ट्रेंडवर हे लगेच ओळखू येतं, स्टीमच्या बाजूची चढण उभी आणि पाण्याच्या बाजूची उतरण लांबलेली. डेड बँडचा त्रास वेगळा दिसतो, त्यात दोन्ही व्हॉल्व्ह शून्य असताना तापमान सरळ रेघेत वाहत जातं. तुझ्या ट्रेंडमध्ये दोन्ही असतील असं मला वाटतंय.

गुणोत्तर अंदाजानं घेऊ नको, मोजून घे. ६० च्या आसपास मॅन्युअलला स्टीम व्हॉल्व्ह ५ टक्के वाढव आणि जॅकेटचा चढण्याचा वेग किती बदलला ते मिनिटात अंश असं लिही, मग स्थिर झाल्यावर पाण्याचा ५ टक्के वाढवून तेच. व्हॉल्व्ह सीटपासून थोडा उघडा असताना कर, अगदी बंदजवळ त्याचं वागणं भरवशाचं नसतं. आमच्याकडं ०.९ आणि ०.३ आले, म्हणजे ३ ला १. मग आउटपुटची रेंज त्याच प्रमाणात वाटायची, ज्याचा जोर जास्त त्याला जास्त जागा. हीटिंगला ७५ टक्के, कूलिंगला २५, स्प्लिट २५ ला. मध्ये फक्त १ टक्का मोकळा ठेवला. खाली CO म्हणजे कंट्रोलरचं आउटपुट, CV म्हणजे पाण्याच्या व्हॉल्व्हचा सिग्नल आणि HV म्हणजे स्टीमच्या:

```
IF CO < 24.5 THEN
  CV := (24.5 - CO) * 100.0 / 24.5;
  HV := 0.0;
ELSIF CO > 25.5 THEN
  CV := 0.0;
  HV := (CO - 25.5) * 100.0 / 74.5;
ELSE
  CV := 0.0;
  HV := 0.0;
END_IF;
```

यासाठी पीएलसीतून दोन वेगळे अ‍ॅनालॉग आउटपुट पाहिजेत आणि दोन्ही पोझिशनर पूर्ण ४ ते २० ला कॅलिब्रेट पाहिजेत. तुझे दोन्ही पोझिशनर एकाच लूपवर असतील आणि स्प्लिट त्यांच्यातच मारलेला असेल तर आधी एक केबल ओढ, नाहीतर दर वेळी स्प्लिट हलवायला शिडी घेऊन वर चढायला लागतंय. कूलिंग व्हॉल्व्ह हवा गेली की उघडणारा असेल तर त्याचा सिग्नल उलटा होतो, ते तपासल्याशिवाय ऑटोला टाकू नको. पोझिशनरचा शटऑफ १ टक्क्यावर आणला की खरा डेड बँड २ टक्क्यांच्या आत येतो, आणि तो २२ मिनिटांचा प्रवास त्याच हिशोबानं ५ मिनिटांवर. एकदम शून्य करू नको, त्याच पाइपांत दोन्ही बाजूंनी थोडं थोडं झिरपत राहिलं की स्टीमचं बिल वाढतं.

दोन गोष्टी यात बिघडतात, आधीच सांगून ठेवतो. एक, स्प्लिट हलवला की जुनं ट्यूनिंग चुकतं, हीटिंगचा उतार २ वरून १.३३ झाला आणि कूलिंगचा २ वरून ४, म्हणून दोन्ही बाजूंना छोट्या स्टेप देऊन परत ट्यून कर. दुसरी जास्त महत्त्वाची. तापवताना आउटपुट १०० ला असतं, आणि तिथून कूलिंगपर्यंत आता ५० नाही तर ७५ टक्के खाली यायचंय. तुझी रिअ‍ॅक्शन स्वतः उष्णता सोडणारी असेल तर कंट्रोलर तिथं अडकून इंटिग्रल साठवत बसला तर महागात पडेल. अँटी-विंडअप चालू आहे का बघ, कॅस्केड असेल तर मास्टरचं आउटपुट, म्हणजे जॅकेटचा सेटपॉइंट, वरून मर्यादित कर. आम्ही बॅचच्या तापमानापेक्षा २० अंशापेक्षा जास्त जाऊ देत नव्हतो.

आणि होल्डला तुझी गरज नेमकी स्प्लिटवरच पडत असेल, म्हणजे ना तापवायचं ना थंड करायचं, तर एवढं करूनही थोडी घरघर राहील. तेव्हा होल्डपुरतं कूलिंग ५ टक्क्यांवर धरून ठेव आणि कंट्रोल फक्त स्टीमवर चालू दे. स्टीम थोडी जास्त जाते पण चेंजओव्हरच होत नाही. तापमान वर जायला लागलं की ही धरपकड सुटली पाहिजे, एवढी अट लॉजिकमध्ये घाल.

टेस्ट शक्यतो सकाळी गार वेळी घे. मे महिन्यात दुपारी आमच्या टॉवरचं पाणी ३४ ला जायचं आणि डिसेंबरात पहाटे २२ ला यायचं, म्हणजे ६० च्या जॅकेटला फरक २६ वरून ३८. थंडीत कूलिंग जवळजवळ दीडपट जोरात चालतं, आणि मे महिन्यात घट्ट केलेला गेन डिसेंबरात डोलायला लागतो.